पासवर्ड रूममेटला का द्यायचा नाही? ओरिएंटेशनमधल्या भाषणानंतर येणारे प्रश्न

कॉलेजची सगळी खाती, म्हणजे ईमेल, पोर्टल, वाय-फाय, आमचा विभाग सांभाळतो. त्यामुळे दरवर्षी पहिल्या वर्षाच्या ओरिएंटेशनमध्ये मला वीस मिनिटं बोलायला मिळतात. त्यात मी एकच गोष्ट सांगते: कॉलेजच्या खात्याचा पासवर्ड मित्राला, मैत्रिणीला, रूममेटला द्यायचा नाही. सभागृहात सगळे माना डोलावतात. खरे प्रश्न नंतर येतात, दाराशी गाठून किंवा दोन महिन्यांनी रडवेल्या चेहऱ्यानं आमच्या खिडकीशी उभं राहून. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

मी फक्त वाय-फायचा पासवर्ड दिला. त्यानं काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून आधी घेते. घरच्या वाय-फायला एक पासवर्ड असतो आणि तो त्या राउटरचा असतो. घरातले सगळे तोच वापरतात, पाहुण्यालाही सांगतात आणि त्यात काही गैर नाही. कॉलेजचं वाय-फाय बहुतेक ठिकाणी तसं नसतं. तिथे फोन आधी युजरनेम विचारतो, मग पासवर्ड. युजरनेम विचारला की समजायचं, हे नेटवर्क तुम्हाला माणूस म्हणून ओळखतंय. शंभराहून अधिक देशांतल्या शिक्षणसंस्थांत चालणारं eduroam याच पद्धतीचं आहे. तुम्ही दुसऱ्या विद्यापीठात गेलात तरी तुमची ओळख तपासली जाते ती तुमच्याच कॉलेजकडून.

आणि हा पासवर्ड बहुतेक कॉलेजांत वेगळा नसतो. तोच ईमेलचा, तोच असाइनमेंट जमा करायच्या पोर्टलचा, तोच विषय निवडायचा, फी भरायचा, निकाल बघायचा. एकदा लॉगिन केलं की सगळी दारं उघडावीत म्हणून मुद्दाम तशी सोय केलेली असते. म्हणजे रूममेटच्या फोनवर "जरा नेट जोडून देते" म्हणून तुम्ही जे टाइप केलं, त्यानं तुमची मेलपेटीही उघडते. बँक सोडली तर बहुतेक ठिकाणी "पासवर्ड विसरलात?" या बटणानंतर येणारी लिंक मेलवरच येते. मेल ज्याच्या हातात, त्याला बाकीची खाती उघडणं फार अवघड राहत नाही.

काही कॉलेजं वाय-फायसाठी वेगळा पासवर्ड देतात. तिथे धोका कमी, पण त्या जोडणीवरून जे काही डाउनलोड होईल त्याची नोंद तुमच्याच नावावर होते.

माझी रूममेट अगदी विश्वासातली आहे. ती कधीच गैरवापर करणार नाही. मग?

तुमच्यावर माझा विश्वास आहे आणि तुमच्या रूममेटवरही. म्हणूनच भाषणात मी ज्या मुलीचा प्रसंग सांगते, त्यातली रूममेट पूर्णपणे निर्दोष होती. भाषणात वेळ कमी असतो, म्हणून इथे सविस्तर सांगते.

शुक्रवारी रात्री 11:59 ला प्रयोगाचा रिपोर्ट जमा करायची मुदत होती. रिपोर्ट लिहून तयार होता, पण मुलीला ताप चढला होता आणि तिच्या लॅपटॉपचा चार्जर बिघडला होता. तिनं फाइल रूममेटला पाठवली, पासवर्ड तोंडी सांगितला आणि ती झोपली. रूममेटनं आपल्या लॅपटॉपवरून 10:48 ला लॉगिन केलं, रिपोर्ट चढवला आणि लॉगआउटही केलं. इतकं सगळं नीट केलं. फक्त मध्येच ब्राउझरनं पासवर्ड जतन करू का असं विचारलं, तेव्हा सवयीनं "Save" दाबलं गेलं.

ब्राउझरमध्ये जतन केलेला पासवर्ड त्या लॅपटॉपपुरता राहत नाही. सिंक चालू असेल तर तो त्या व्यक्तीच्या ब्राउझर खात्यात जातो आणि ते खाते जिथे जिथे उघडेल तिथे पोचतो. मंगळवारी दुपारी रूममेट विभागाच्या लॅबमध्ये बसली होती. आपले बुकमार्क हवेत म्हणून तिनं तिथल्या ब्राउझरमध्ये स्वतःचं खातं उघडलं. तास सुरू झाला तशी ती घाईनं उठली आणि खातं उघडंच राहिलं. लॅबच्या संगणकावर एकाचं काम संपलं की त्याचं प्रोफाइल पुसलं जायला हवं. त्या संगणकावर ते होत नव्हतं, आणि ती चूक लॅब सांभाळणाऱ्यांची होती.

तिच्यानंतर एक तिसरा मुलगा त्या संगणकावर बसला. त्यानं पोर्टल उघडलं आणि युजरनेमच्या चौकटीवर क्लिक केलं. खाली दोन नावं आली: एक रूममेटचं, दुसरं तापानं झोपलेल्या मुलीचं. त्याचा रिपोर्ट राहिला होता. त्यानं दुसरं नाव निवडलं, पासवर्ड आपोआप भरला गेला. त्यानं रिपोर्ट उतरवून घेतला, नाव बदललं आणि उशिराच्या मुदतीत स्वतःचा म्हणून जमा केला.

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं दोन्ही रिपोर्ट एकमेकांसमोर आणून ठेवले. दोघांचेही गुण रोखले. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "मी रिपोर्ट कुणालाच दिला नाही." मग आठवून म्हणाली, "पासवर्ड मात्र रूममेटला दिला होता." त्या क्षणी संशय रूममेटवर गेला आणि त्या दोघी एकाच खोलीत राहून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

आमच्याकडे लॉगिनच्या नोंदी असतात. त्यात दोन ओळी होत्या. एक शुक्रवारी रात्रीची, हॉस्टेलच्या नेटवर्कवरून. दुसरी मंगळवारी दुपारी 4:17 ची, लॅबमधल्या एका ठरावीक संगणकावरून. दोन्ही ओळींत नाव एकच, त्या मुलीचं. नोंदीला टाइप करणारा हात दिसत नाही. तिला फक्त खातं दिसतं. शेवटी त्या वेळी दोघी तासाला हजर होत्या हे हजेरीवरून कळलं आणि लॅबच्या वहीतल्या सहीवरून तिसरा मुलगा सापडला. यात नऊ दिवस गेले. वहीत सही करायची पद्धत नसती, तर ती मुलगी निर्दोष आहे हे मला दाखवता आलं नसतं. ते मला आजही बोचतं.

तुम्ही विश्वास माणसावर ठेवता. पासवर्ड मात्र तिच्या ब्राउझरमध्ये, तिच्या सवयींत, तिच्या घाईत जाऊन बसतो, आणि तिथे काय चाललंय हे तिलाही ठाऊक नसतं.

मग त्या रात्री तिनं करायला काय हवं होतं?

फाइल रूममेटला पाठवली तिथवर सगळं ठीक होतं. पुढे रूममेटनं स्वतःच्या मेलवरून ती फाइल शिक्षकांना पाठवून द्यायची: "हिला ताप आहे, पोर्टलवर चढवता येत नाही, रिपोर्ट मुदतीच्या आत सोबत पाठवत आहे." मेलवर वेळ आपोआप पडते आणि पाठवणारी कोण हेही खरं राहतं. दोन दिवसांनी मुलगी स्वतः पोर्टलवर चढवू शकली असती. बहुतेक पोर्टलं फोनच्या ब्राउझरमधूनही उघडतात, पण तापात हे सुचेलच असं नाही.

मी पासवर्ड आधीच दिलेला आहे. आता काय करू?

अपराधी वाटून घेऊ नका, आजच बसून निस्तरा. मोजकी कामं आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

सुरुवात तुमच्या स्वतःच्या उपकरणावरून पासवर्ड बदलण्यापासून. नवा पासवर्ड खरोखर नवा हवा. शेवटचा आकडा एकनं वाढवणं किंवा उद्गारचिन्ह जोडणं ही सगळ्यांची सवय आहे. जुना पासवर्ड माहीत असलेला माणूस नेमका तोच अंदाज आधी करतो. चार-पाच असंबद्ध शब्द जोडलेला लांब पासवर्ड घ्या किंवा पासवर्ड मॅनेजरला बनवू द्या.

त्यानंतर सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. हे बहुतेकांना माहीत नसतं. लॉगिन करताना पासवर्ड एकदाच तपासला जातो, मग ब्राउझरला एक छोटी खूण मिळते. दारात तिकीट दाखवल्यावर हातावर शिक्का मारतात, तसंच. नंतर शिक्का पाहून आत सोडतात, तिकीट कुणी विचारत नाही. पासवर्ड बदलला की तिकीट बदलतं, पण काही सेवांमध्ये जुना शिक्का चालतच राहतो. गूगल खातं असेल तर myaccount.google.com वर जाऊन सुरक्षेच्या भागात "Your devices" बघा आणि जे उपकरण तुमचं नाही त्यावरून बाहेर पडा. कॉलेजच्या पोर्टलवर असा पर्याय दिसला नाही, तर आमच्यासारख्या विभागाला सांगा. ते आम्हाला करता येतं.

मग पासवर्ड परत मिळवायच्या सोयी तपासा, म्हणजे नोंदवलेला दुसरा ईमेल आणि फोन नंबर. तिथे अनोळखी नंबर असेल, तर पासवर्ड दहा वेळा बदलूनही खातं पुन्हा हातचं जाऊ शकतं. शेवटी मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. खात्यात शिरलेल्या माणसानं "अमुक शब्द असलेले मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठव" असा नियम लावून ठेवला, तर पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतात.

तोच पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल, तर तिथेही बदला. आणि तो चॅटवर लिहून पाठवला होता का, हे आठवा. चॅटचा बॅकअप होतो, फोन बदलला तरी तो संदेश नव्या फोनवर येतो. बदललेला पासवर्ड तिथे पडून राहिला तर नुकसान नाही, पण इतरत्र जिवंत असलेला राहिला तर आहे.

रूममेटलाही मोकळेपणानं सांगा. क्रोम वापरत असेल तर तिनं chrome://password-manager/passwords उघडून तुमच्या नावाची नोंद पुसावी. दोघींनी मिळून हे करायला दोन मिनिटं लागतात.

माझं खातं दुसरं कुणी वापरतंय हे कसं ओळखू?

तुम्ही न उघडलेले मेल वाचलेले दिसतात. न मागता ओटीपी येतो. "नव्या उपकरणावरून लॉगिन झालं" असा मेल येतो, किंवा तो कचऱ्याच्या फोल्डरमध्ये सापडतो, आणि हे जास्त काळजीचं. जीमेल संगणकावर उघडलंत तर पानाच्या अगदी तळाशी उजवीकडे "Details" असतं. तिथे अलीकडे कुठून आणि कसं लॉगिन झालं याची यादी दिसते.

पण एक सावधगिरी. त्या यादीतलं गाव नेहमी खरं नसतं. मोबाइल नेटवर्कवरून गेलात तर कंपनीचं जोडणीचं ठिकाण दिसतं, ते भलत्याच शहरात असू शकतं. व्हीपीएन असेल तर देशसुद्धा चुकतो. म्हणून गावावरून कुणावर आळ घेऊ नका. वेळ आणि उपकरण बघा. तुम्ही परीक्षेत बसला होतात आणि फोन बॅगेत बंद होता, त्या वेळेला लॅपटॉपवरून लॉगिन दिसतंय, तर ते खरंच दुसरं कुणीतरी आहे.

ओटीपी तर माझ्याच फोनवर येतो. मग पासवर्ड दिला तरी काय?

ओटीपी असणं नसण्यापेक्षा कितीतरी बरं. पण पासवर्ड देणारा माणूस ओटीपीही सांगतो, कारण काम तर पूर्ण व्हायला हवं. आणि त्याच पानावर बहुधा "हे उपकरण लक्षात ठेवा" अशी चौकट असते. ती टिक झाली, की त्या लॅपटॉपवर काही काळ ओटीपी विचारलाच जात नाही.

ऑथेंटिकेटर ॲपचं आणखी वेगळं आहे. त्यातला सहा आकडी कोड साधारण 30 सेकंदांनी बदलतो, त्यामुळे एक कोड कुणाला कळला तर तो लगेच निकामी होतो. पण सुरुवातीला जो क्यूआर कोड स्कॅन करतात, त्यात सगळे कोड तयार करणारं गुपित असतं. मैत्रिणीनं तोच क्यूआर आपल्या फोननं स्कॅन केला, तर तिच्या ॲपमध्ये तुमच्याइतकेच अचूक कोड येत राहतात, आणि तुम्हाला काही कळत नाही. त्या क्यूआरचा स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर पुसून टाका. तो कुणाच्या हाती गेला असेल, तर ऑथेंटिकेटर काढून नव्यानं जोडा, म्हणजे जुना क्यूआर बाद होतो.

फोनचा पिन रूममेटला माहीत आहे. तो पासवर्ड थोडाच आहे?

तो पासवर्डांच्या पेटीची किल्ली आहे. फोनवर जतन केलेले पासवर्ड बघायला बहुधा बोटाचा ठसा लागतो, आणि ठसा जुळला नाही की फोन पिन मागतो. पिन माहीत असला की सगळी यादी उघडते. लोकांचा पिन खांद्यावरून डोकावून टिपायचा आणि मग फोन चोरायचा, असे प्रकार घडल्यावर ॲपलनं जानेवारी 2024 मध्ये iOS 17.3 मध्ये एक सोय दिली. नेहमीच्या ठिकाणापासून दूर असताना जतन केलेले पासवर्ड बघायला नुसता पिन चालत नाही, चेहरा किंवा ठसाच लागतो. पण हॉस्टेलची खोली हे तुमचं नेहमीचं ठिकाण ठरतं, म्हणून रूममेटच्या बाबतीत या सोयीवर विसंबू नका. पिन बदला.

भाषणात एमआयटीच्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली, ती खरी आहे का?

खरी आहे. एमआयटीमध्ये एकाच संगणकावर अनेकांना काम करता यावं म्हणून सीटीएसएस नावाची प्रणाली बनवली होती. 1961 मध्ये तिचं प्रात्यक्षिक झालं. प्रत्येकाच्या फाइली आणि वेळ वेगळी राहावी म्हणून तिच्यात पासवर्ड होते. ॲलन शेर या पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारा वेळ कामाला पुरत नव्हता. 1962 मध्ये त्यानं पासवर्डांची फाइल छापून मिळावी अशी मागणी पंचकार्डवरून टाकली, यंत्रानं ती छापून दिली, आणि तो दुसऱ्यांच्या नावावर संगणक वापरू लागला. त्यानं ते पासवर्ड आणखी काही जणांना वाटलेही. पुष्कळ वर्षांनी त्यानं हे स्वतः सांगितलं.

मी ही गोष्ट सांगते ती एका कारणासाठी. त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, त्याला फक्त काम संपवायचं होतं. पण ज्यांच्या नावावर त्यानं वेळ वापरला, त्यांच्या खात्यातला वेळ कमी झाला आणि नोंद त्यांचीच राहिली.

"माझ्यावर विश्वास नाही का?" असं मैत्रीण म्हणाली तर काय बोलू?

हे मला फार मुलं विचारतात, आणि प्रश्न खरा आहे. पहिल्या महिन्यात मैत्र्या नव्या असतात, नाही म्हणायची भीती वाटते. तुम्ही असं म्हणू शकता: "विश्वास आहे गं, पण त्या खात्यावर जे होतं ते माझ्या नावावर लिहिलं जातं. उद्या काही झालं तर तुझं नाव मध्ये यायला नको. काय करायचंय सांग, मी लॉगिन करून देते." आणि खरंच करून द्या. हवी असते ती बहुतेक वेळा एखादी फाइल किंवा नोट्स, पासवर्डची गरज नसतेच.

दुसऱ्या बाजूनंही हेच. कुणी आपला पासवर्ड सांगायला लागलं तर थांबवा. तो तुम्हाला माहीत आहे एवढ्यावरच, काही गडबड झाली की पहिला प्रश्न तुम्हाला येतो. वरच्या प्रसंगातल्या रूममेटला तो नऊ दिवस येत होता.

घरच्यांना द्यायचा का? आणि कॉलेजनं मागितला तर?

घरच्यांना फी किंवा निकाल बघायचा असेल, तर अनेक पोर्टलांवर पालकांसाठी वेगळं लॉगिन मिळतं, ते मागून घ्या.

आम्ही पासवर्ड कधीच मागत नाही. आम्हाला तो लागत नाही. नीट चालवलेल्या प्रणालीत पासवर्ड जसाच्या तसा साठवलेला नसतो, त्यापासून काढलेली एक उलट न फिरवता येणारी खूण असते. तुमचं खातं अडकलं तर आम्ही नवा पासवर्ड लावून देतो, जुना आम्हाला दिसतही नाही. "संगणक विभागातून बोलतोय, पासवर्ड सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या आणि आम्हाला कळवा.

चौघांचा ग्रुप प्रोजेक्ट आहे. एकच खातं सगळ्यांनी वापरणं सोपं नाही का?

पहिल्या दिवशी सोपं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी अर्धं प्रकरण पुसतं आणि कुणी पुसलं ते कळत नाही, कारण इतिहासात चारही जणांच्या जागी एकच नाव असतं. एकानं फोल्डर बनवावा आणि बाकी तिघांना त्यांच्या त्यांच्या ईमेलवर बदल करायचा हक्क द्यावा. मग कुणी काय आणि कधी लिहिलं हे दिसतं, आणि पुसलेला भाग जुन्या आवृत्तीतून परत आणता येतो. कुणी ग्रुप सोडला तर यादीतून त्याचं नाव काढायचं. बाकी तिघांना काहीही बदलावं लागत नाही.